लोखंडी टोपीखाली बोटांना किती जागा?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं जऊळका आसपासच्या गावांत 'जऊळका रेल्वे' म्हणूनच ओळखलं जातं. अकोला–पूर्णा मार्गावरचं हे छोटं स्टेशन. २००८ साली या मार्गाचं मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. पुढे वाशिम जिल्ह्यातूनच समृद्धी महामार्ग गेला आणि त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. मोठी कामं झाली, यंत्रं निघून गेली. तरी रुळाखालची गिट्टी ठोकणारी, घरांच्या स्लॅबसाठी सळई वाकवणारी आणि सिमेंटची पोती उतरवणारी माणसं या भागात रोजच कामाला जातात. त्यांच्या पायांत हल्ली चपलेऐवजी सेफ्टी बूट दिसू लागले आहेत. कुणाला ठेकेदाराने दिलेले असतात, कुणाला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचातून मिळालेले असतात, तर कुणी तालुक्याच्या बाजारातून स्वतः आणलेले असतात.

बूट कुठूनही आला तरी नंबर निवडायची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच. नेहमीच्या चपलेचा नंबर सांगायचा, पुढे बोटं आवळली तर एक किंवा दोन नंबर मोठा मागायचा आणि टाच हलते म्हणून दोन मोजे चढवायचे. साध्या बुटात हे कसंबसं निभावतं. सेफ्टी बुटाच्या पुढच्या भागात मात्र पोलादाची किंवा कडक कंपोझिटची टोपी बसवलेली असते. कातडं महिनाभरात पायाप्रमाणे सैल होतं, टोपी कधीच होत नाही. दुकानात पहिल्या दिवशी करंगळी दाबली जात असेल तर बूट फाटेपर्यंत ती दाबलीच जाणार. हे बहुतेकांना अनुभवाने कळतं. दोन नंबर मोठा बूट घेतला की बोटं टोपीच्या संरक्षणातून जवळजवळ बाहेर येतात, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

ही टोपी नेमकं काय करते ते आधी पाहू. भारतात सेफ्टी बुटांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याचा दुसरा भाग खऱ्या सेफ्टी बुटांचा, आणि तो आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकाला धरून आहे. चाचणीत बुटाचा पुढचा भाग कापून पक्का बसवतात, टोपीच्या आत चिकणमातीसारख्या मऊ पदार्थाचा छोटा उभा गोळा ठेवतात आणि वरून २० किलोचं पाचरीच्या आकाराचं वजन सोडतात. वजन साधारण एक मीटरवरून येतं, म्हणजे आघाताची ऊर्जा २०० ज्यूल भरते. टोपी क्षणभर खाली दबते आणि पुन्हा थोडी वर येते. आतला गोळा मात्र दबलेलाच राहतो. त्याची उरलेली उंची मोजली की टोपी सर्वांत खाली गेली तेव्हा बोटांना किती जागा उरली होती ते कळतं.

ही उरलेली जागा किती असावी हे बुटाच्या मापावर ठरतं. युरोपीय ३९ आणि ४० मापांना किमान १३.५ मिलिमीटर लागते, ४१ आणि ४२ला १४, आणि ४५ व त्यापुढच्या मापांना १५. आकडे बारीक वाटतात, पण त्यांचा अर्थ सरळ आहे. अंगठ्याची जाडी सहसा याहून जास्त असते. म्हणजे एवढा जोराचा आघात झालाच तर अंगठा क्षणभर चिमटला जाईल, दुखेल, नख काळंही पडेल, पण हाडाचा चुरा होणार नाही. टोपीचं काम एवढंच आहे. त्या वेळी वाचणाऱ्या या तेरा-चौदा मिलिमीटरांत एक-दोन मिलिमीटरही महत्त्वाचे ठरतात. बूट कडक लागतो म्हणून कुणी आत फोमचा जाड जादा सोल टाकला, तर पाऊल तेवढं वर उचललं जातं आणि टोपीखालची उंची तेवढीच घटते. बूट ज्या आतल्या सोलसह तपासून बाजारात आला, तसाच सोल पुन्हा घालावा, असं उत्पादकांच्या सूचनांत लिहिलेलं असतं, त्याचं हे एक कारण.

आघाताखेरीज टोपीची आणखी एक चाचणी होते. तिच्यावर हळूहळू १५ किलोन्यूटनचा दाब देतात, म्हणजे ढोबळमानाने दीड टन वजन तिच्यावर ठेवल्यासारखं. स्थिर ओझं आणि पडणारं ओझं यांतला फरक रेल्वेच्या कामात चांगला दिसतो. भारतीय रेल्वेत वापरला जाणारा एक रूळ मीटरला ५२ किलोचा असतो. असा १३ मीटरचा तुकडा ६७६ किलोंचा होतो. त्याचं एक टोक पहारीने उचललं असताना नुसतं बुटावर येऊन टेकलं, तर टोपीवर त्याचा जवळपास निम्मा भार येतो, आणि तो दीड टनाच्या बराच आत आहे. पण तेच टोक हातातून सुटून फक्त ६ सेंटिमीटर खाली आलं, तरी पडणाऱ्या रुळाची ऊर्जा २०० ज्यूलच्या घरात जाते. ती सगळीच बोटांवर येते असं नाही. काही भाग गिट्टीत जातो, काही रुळाच्या लवण्यात. तरीही गुडघ्याच्या उंचीवरून सुटलेल्या रुळाच्या टोकापुढे या टोपीचा भरवसा धरता येत नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होतं. शिवाय टोपी फक्त बोटांवर असते. बोटांच्या मागचा पावलाचा उंचवटा उघडाच राहतो. त्यासाठी वरून वेगळं कवच असलेले बूट मिळतात, पण ते आपल्याकडे सहसा मोठ्या कारखान्यांतच दिसतात.

"लोखंडी टोपी दबली की बोटं कापली जातात, त्यापेक्षा साधा बूट बरा," असंही अनेक साइटवर ऐकू येतं. पण टोपी वाकून आत रुतण्याइतका जोराचा आघात असेल, तर टोपी नसलेल्या पायाची अवस्था त्याहून वाईट होते. भीती खरी ठरते ती दुसऱ्या बाबतीत. एकदा जोराचा मार बसलेली टोपी बाहेरून ठीक दिसली तरी आतून बसकी झालेली असू शकते. असा बूट पॉलिश करून पुन्हा वापरायचा नसतो.

आता मापाकडे वळू. आपल्याकडे बुटाचा नंबर इंग्लंडच्या पद्धतीने चालत आला आहे. या पद्धतीत एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. बुटाच्या जिभेवर किंवा तळव्यावर सोबत ४०, ४१ असे युरोपीय आकडेही असतात. त्यांत एका आकड्याला पावणेसात मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. दोन्ही आकडे पायाची लांबी सांगत नाहीत. ते सांगतात कलबुताची लांबी, म्हणजे बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर शिवला त्याची. सहा नंबरचं कलबूत २६२ मिलिमीटरच्या आसपास असतं, सात नंबरचं २७१ आणि आठ नंबरचं जवळपास २७९. चालताना पाऊल पुढे सरकतं, म्हणून कलबूत पायापेक्षा लांब ठेवलेलं असतं. बोटांपुढे साधारण बारा ते सतरा मिलिमीटर मोकळे राहिले तर बूट लांबीला बेताचा बसला असं समजायचं.

दोन्ही पद्धतींत रुंदीचा पत्ता नसतो. आपल्याकडच्या पायांची अडचण इथेच होते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांची पावलं युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद आहेत, असं त्यातून दिसलं. रुंद पायाला अरुंद बूट मिळाला की माणूस लांबीने मोठा बूट घेतो, हेही या पाहणीच्या निमित्ताने पुढे आलं. याच आधारावर 'भ' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आणि त्यात रुंदीलाही जागा दिली गेली. अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्या पायांची बोटं पसरलेली असतात आणि करंगळीच्या बाजूला पाऊल मोकळं असतं. शेतातून बांधकामावर आलेल्या माणसाचं पाऊल बहुधा असंच असतं.

एक हिशेब करून पाहू. समजा, सेंट्रिंगच्या कामावरच्या एका माणसाच्या उजव्या पावलाची टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी २४५ मिलिमीटर आहे. पाऊल रुंद आहे. सहा नंबरचा सेफ्टी बूट घातल्यावर बोटांपुढे साधारण १७ मिलिमीटर उरतात, म्हणजे लांबीला बूट बरोबर. पण करंगळी टोपीच्या बाजूला घासते. तो सात नंबर घालतो, बाजूची दाबणूक थोडी कमी होते. आठ घालतो तेव्हा ती थांबते. तो आठ नंबरचा घेऊन जातो.

आता टोपीची लांबी पाहू. युरोपीय ३९–४० मापाच्या बुटात टोपीची आतली लांबी किमान ३८ मिलिमीटर असावी लागते, तर ४१–४२च्या बुटात किमान ३९. सहा नंबरच्या बुटात बोटांपुढचे १७ मिलिमीटर वजा केले तर अंगठ्याचे सुमारे २१ मिलिमीटर टोपीखाली येतात, म्हणजे नखासह पहिलं पेर बरंचसं झाकलं जातं. आठ नंबरच्या बुटात टाच मागे टेकलेली असताना बोटांपुढे ३४ मिलिमीटर मोकळे राहतात. टोपीखाली उरतात फक्त पाच मिलिमीटर, म्हणजे नखाचं टोक. बाकीची चार बोटं अंगठ्यापेक्षा आखूड असतील तर ती टोपीखाली पोचतही नाहीत. काही उत्पादक टोपी किमानपेक्षा लांब करतात आणि चालताना पाऊल पुढेही सरकतं, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण दिशा तीच राहते. त्या माणसाने बोटं वाचवण्यासाठी बूट घेतला आणि बोटं टोपीच्या मागे ठेवली.

आणखी एक त्रास त्याला दोन दिवसांत जाणवतो. टोपीच्या मागच्या कडेला बुटाचं कातडं वाकतं. बूट लांब असला की पाय जिथे वाकतो आणि बूट जिथे वाकायला बनवलेला असतो, त्या दोन जागा जुळत नाहीत. उकिडवं बसून सळई बांधताना किंवा फरशी बसवताना टोपीची मागची कड बोटांच्या वरून रुतते. सांजेला मोजा काढल्यावर बोटांच्या मुळाशी आडवी लाल रेघ दिसली, तर टोपीची कड चुकीच्या जागी पडते आहे असं समजायचं.

मग रुंद पायाच्या माणसाने काय घ्यायचं? त्याच लांबीचा, पण वेगळ्या कलबुतावर शिवलेला बूट. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांत टोपीचा आकार वेगळा असतो. एकाची टोपी टोकाला निमुळती, दुसऱ्याची गोल आणि बाजूने भरलेली. रुंद पावलाला गोल टोपी लागते. परदेशी बनावटीच्या काही बुटांवर नंबराशेजारी रुंदीचा वेगळा आकडाही छापलेला असतो. पोलादी आणि कंपोझिट टोपीतही फरक आहे. तेवढीच मजबुती मिळवायला कंपोझिट टोपी जाड करावी लागते. म्हणून ती वजनाला हलकी असली तरी बुटाचं टोक बाहेरून फुगीर दिसतं, आणि आतली जागा बाहेरच्या आकारावरून ओळखता येत नाही. बूट पायात घालूनच पाहावा लागतो.

घालून पाहण्याची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. साध्या बुटात दुकानदार अंगठ्याने टोक दाबून बोट कुठे पोचलं ते पाहतो. सेफ्टी बुटाचं टोक दाबलं तर हाताला फक्त लोखंड लागतं. म्हणून तीन दुसऱ्या चाचण्या करायच्या.

पहिली, आतला सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि कामावर घालतो तेच मोजे घालून त्यावर उभं राहायचं. टाच सोलच्या मागच्या कडेला लावली की सर्वांत लांब बोटापुढे बोटभर रुंदीची जागा उरायला हवी आणि पाऊल बाजूने सोलबाहेर सांडता कामा नये. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दुसरी, बंद न बांधता पाय बुटात पूर्ण पुढे सरकवायचा आणि टाचेमागे तर्जनी घालून पाहायची. बोट बेताचं आत गेलं तर लांबी ठीक. दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा. तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची आणि दुकानात सर्वांत कमी केली जाणारी. बंद घट्ट बांधून उकिडवं बसायचं आणि मग एखादी पायरी उतरायची. बसल्यावर टोपीची कड बोटांवर रुतते का आणि उतरताना बोटं टोपीवर आपटतात का, ते या दोन हालचालींत कळतं. शिडीवरून दिवसभर चढउतार करणाऱ्याच्या अंगठ्याचं नख काळं पडतं ते बहुतेक आखूड बुटामुळे, किंवा बंद नीट न बांधल्यामुळे.

दोन्ही पाय मोजायचे आणि मोठ्या पायाला बूट घ्यायचा. दिवसभराच्या उभ्या कामाने पाय सुजतो, म्हणून सकाळच्या मापापेक्षा सांजेचं माप खरं. माप घेताना माणूस कागदावर उभा असावा, बसलेला नसावा, कारण वजन पडलं की पाऊल लांबतं आणि पसरतं. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, बोटाच्या टोकाशी पेन्सिल सरळ धरून खूण करायची आणि भिंतीपासून मोजायचं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना बधिरता आली आहे त्यांनी नुसतं 'लागत नाही' यावर विसंबू नये. त्यांना दाबणूक जाणवतच नाही, म्हणून घरी गेल्यावर पायावर लाल डाग पडले आहेत का ते डोळ्यांनी पाहावं लागतं.

बायकांची अडचण आणखी वेगळी आहे. वाशिमकडच्या बांधकामांवर टोपल्या आणि विटा वाहण्याचं काम मोठ्या प्रमाणात बाया करतात. दुकानात सेफ्टी बूट पाच किंवा सहा नंबरपासून सुरू होतात. तीन-चार नंबरचा मागितला की 'त्यात येतच नाही' असं उत्तर मिळतं. मानकात मात्र युरोपीय ३६ आणि त्याहून लहान मापासाठीही टोपीची लांबी आणि उरणारी जागा ठरवून दिलेली आहे. या बुटांसाठी टोपीची आतली लांबी किमान ३४ मिलिमीटर आणि आघातानंतर उरणारी जागा किमान १२.५ मिलिमीटर. म्हणजे लहान सेफ्टी बूट बनवायला मानकाची आडकाठी नाही. अडतं ते ऑर्डर देणाऱ्यापाशी, कारण तो सरसकट सात, आठ आणि नऊ नंबरच मागवतो. मग ती बाई आठ नंबरच्या बुटात कापड कोंबते, किंवा बूट घरी ठेवून स्लिपर घालून येते.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा क्रमांक पाहायचा, आणि सोबत भागही. भाग २ म्हणजे २०० ज्यूलची टोपी. भाग ३च्या बुटाला टोपी असते, पण ती १०० ज्यूलला तपासलेली, म्हणजे निम्म्या ताकदीची. भाग ४च्या बुटाला टोपीची सक्तीच नसते. बाहेरून तिन्ही सारखेच काळे, जाड तळाचे बूट. कातडी टोकावर ठोकून कडक आवाज आला म्हणून ती २०० ज्यूलची टोपी आहे असं ठरत नाही.

हातमोज्यांची गोष्ट काही बाबतींत सोपी आहे, कारण तिथे मापाचा आकडा थेट हातावरून काढता येतो. उजव्या तळहाताभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाच्या गाठींवरून टेप फिरवायचा. जेवढे इंच येतील तेवढा नंबर. २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच आले तर आठ नंबर. २२९ आले तर नऊ. २५४ आले तर दहा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबीही ठरलेली आहे. आठ नंबरच्या हाताची ती १८२ मिलिमीटर, नऊची १९२. हा तक्ता आंतरराष्ट्रीय मानकातला आहे. घेर आणि लांबी वेगवेगळ्या नंबरांत पडले तर मोठा नंबर घेऊन बोटांची टोकं तपासायची.

आपल्याकडच्या बाजारात घोटाळा होतो तो विणलेल्या सुती हातमोज्यांत. तळव्यावर रबराचे ठिपके असलेले हे मोजे डझनाच्या गठ्ठ्यात मिळतात, आणि दुकानदार ४०, ५०, ६० असे आकडे सांगतो. ते माप नसतं. ते जोडीचं वजन असतं, ग्रॅममध्ये. ६०चा मोजा जाड असतो, मोठा नसतो. बहुतेक मोजे एकाच मापाचे विणलेले असतात आणि ताणून सगळ्यांच्या हातांत बसवले जातात.

मोजा सैल असेल तर काय होतं ते सळई बांधणाऱ्याच्या हातात दिसतं. बायंडिंग तारेची घडी सळईच्या जोडाभोवती फिरवून आकडीने पीळ देताना मोज्याचं रिकामं टोक तारेत सापडतं आणि तारेबरोबर पिळलं जातं. तो वैतागून मोज्याची बोटं कात्रीने कापून टाकतो. मग तारेची टोकं रुततात ती त्याच उघड्या बोटांत. मोजा घट्ट असेल तर मूठ मिटताना प्रत्येक वेळी कापडाशी झुंजावं लागतं आणि दुपारपर्यंत पंजा दमतो. शिवाय मोजा सर्वांत आधी अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेत फाटतो. बरोबर मापाच्या मोज्यात बोटांमधल्या खाचा हाताला टेकलेल्या असतात, टोकाला चारेक मिलिमीटरपेक्षा जास्त रिकामी जागा नसते आणि मूठ विनासायास मिटते. दुकानात मोजा घालून एक खिळा जमिनीवरून उचलून पाहिला तर एवढं सगळं कळून जातं.

मापाचा नियम सगळ्या कामांना एकसारखा लागत नाही. वेल्डिंगचा कातडी मोजा थोडा ऐसपैस हवा, कारण आत ठिणगी शिरली तर तो हात झटकून फेकता आला पाहिजे. सिमेंट कालवणाऱ्याला उलट मनगटाशी बसणारा, रबराचा किंवा नायट्राइलचा थर असलेला मोजा लागतो. सुती मोजा ओलं सिमेंट शोषून घेतो आणि ते तासन्‌तास कातडीला धरून ठेवतो. त्याने हाताला खाज सुटते, भेगा पडतात. ड्रिल मशीन, लेथ आणि फिरत्या शाफ्टपाशी मात्र कुठल्याच मापाचा मोजा घालायचा नाही. फिरणाऱ्या भागात मोज्याचा धागा अडकला तर मोजा सुटत नाही, तो हाताला आत ओढतो. ज्या कारखान्यात 'सर्वांनी सर्व वेळ हातमोजे घालावेत' अशी पाटी असते, तिथे ड्रिलपाशी वेगळी पाटी लावायला हवी.

या सगळ्याची सुरुवात मागणी नोंदवण्यापासून होते. वीस माणसांच्या गँगसाठी ठेकेदार साधारणपणे 'वीस जोड, सात-आठ-नऊ मिक्स' अशी ऑर्डर देतो, आणि मग सकाळी बूट वाटताना ज्याच्या हाती जो जोड आला तो त्याचा. त्याऐवजी माणूस कामावर लागतो त्या दिवशी त्याच्या नावापुढे चार आकडे लिहून ठेवता येतात. डाव्या पावलाची लांबी, उजव्या पावलाची लांबी, चवड्याचा घेर आणि तळहाताचा घेर. एक टेप, एक कोरा कागद आणि एक पेन्सिल एवढंच साहित्य लागतं, आणि एका माणसाला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. ऑर्डर द्यायच्या आधी दुकानदाराकडून दोन वेगवेगळ्या टोपीच्या आकारांचा एक-एक नमुना जोड मागवायचा आणि ज्यांच्या चवड्याचा घेर जास्त आहे त्यांनी तो आधी घालून पाहायचा. मग यादीत कुणाच्या नावापुढे गोल टोपीचा सहा, कुणापुढे निमुळत्या टोपीचा आठ आणि कुणापुढे चार नंबर असं लिहून मागणी जाते. बूट आल्यावर आठवड्याने प्रत्येकाला बूट काढायला लावून पाय पाहायचा. बोटांच्या मुळाशी आडवी रेघ, करंगळीला फोड किंवा काळं नख दिसलं, तर तो जोड बदलून द्यायचा. म्हणूनच दुकानदाराशी बोलताना बदलून देण्याची अट आधीच ठरवून घ्यावी लागते, आणि नवा बूट पहिल्या दिवशी पक्क्या फरशीवरच, तळाला सिमेंट न लागू देता, चालून पाहावा लागतो.